एक बिल, तीन दर
लेखमाला : रोजकीर्द ते ताळेबंद – भाग 9

विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्या काळात विलायती मालाचं बिल वहीत उतरवणाऱ्या दिवाणजीला विनिमय दराची चिंता नव्हती. एका पौंडाला 15 रुपये, हा हिशेब सरकारनंच ठरवून दिलेला होता आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तो जवळपास तसाच टिकला. बिल आलं त्या दिवशी वहीत जितके रुपये लिहिले, तितकेच पैसे भरायच्या दिवशी तिजोरीतून गेले. त्यामुळे फरक नावाचं खातं काढायची वेळच येत नसे.

आज हातकणंगले तालुक्यात असं बिल ठेवणारी पेढी सापडायची नाही. इचलकरंजीच्या रेपियर आणि एअरजेट मागांचे सुटे भाग परदेशातून येतात, शिरोलीच्या मशीनशॉपमध्ये बाहेरची यंत्रं आणि हत्यारं असतात. बिल डॉलरमध्ये किंवा युरोत आणि वह्या रुपयांत. मधल्या दोन-तीन महिन्यांत दर कुठे जाईल हे कुणाच्या हातात नाही. याची नोंद कशी करायची हे तसं अवघड नाही. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणानं : एकाच बिलाच्या कागदपत्रांवर तीन निरनिराळे दर छापलेले असतात आणि त्यांतला कोणता कशासाठी, हे कुणी सांगत नाही. या आठवड्यात एवढंच पाहू.

इचलकरंजीतला, मागाचे सुटे भाग विकणारा एक व्यापारी समजा. आकडे सगळे सोयीसाठी धरलेले आहेत. त्यानं चीनमधल्या पुरवठादाराकडून 20,000 डॉलरचा माल मागवला. भाव सीआयएफ न्हावा शेवा, म्हणजे बंदरापर्यंतचं जहाजभाडं आणि विमा बिलातच आला. पैसे बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून 90 दिवसांनी द्यायचे. माल 14 फेब्रुवारीला शांघायला जहाजावर चढला.

पहिला प्रश्न तारखेचा. बहुतेक ठिकाणी माल गोदामात उतरला की खरेदीची नोंद होते, कारण तोवर कागदच हातात आलेले नसतात. पण सीआयएफ असो की एफओबी, माल जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याची होते. नाव 'न्हावा शेवापर्यंत' असलं तरी जोखीम शांघायलाच हस्तांतरित झालेली असते. वाटेत कंटेनर बुडाला तर विम्याचा दावा आपल्या व्यापाऱ्यानं करायचा, पुरवठादाराचं देणं काही टळत नाही. म्हणून व्यवहाराची तारीख 14 फेब्रुवारी आणि दर त्या दिवसाचा. एरवी महिनाभर इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही, पण जहाज मार्चमध्ये निघून माल एप्रिलमध्ये पोचणार असेल तर 31 मार्चच्या ताळेबंदात तो 'मार्गस्थ माल' म्हणून दिसायलाच हवा आणि समोर देणंही हवं.

त्या दिवसाचा दर कुठून घ्यायचा? बँकांमधल्या व्यवहारांवरून निघणारा संदर्भदर रोज जाहीर होतो. तो पूर्वी रिझर्व्ह बँक काढायची, जुलै 2018 पासून एफबीआयएल ही संस्था काढते. काही पेढ्या आपल्या बँकेचा त्या दिवसाचा दर घेतात. आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी दर घेतलेलाही लेखा मानक 11 ला चालतो, मात्र त्या काळात दर फार हललेला नसावा. जे काही निवडाल ते वर्षभर सोडू नका. एका बिलाला संदर्भदर आणि दुसऱ्याला बँकेचा, असं सोयीनुसार केलं की लेखापरीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.

आपण 86.00 धरू. नोंद सरळ आहे :

खरेदी नावे 17,20,000
पुरवठादार जमा 17,20,000 (20,000 डॉलर, दर 86.00)

कंसातला मजकूर शोभेचा नाही. पुरवठादाराचं खातं डॉलर आणि रुपये अशा दोन्ही रकान्यांत चालायला हवं. आपल्यावर देणं आहे ते डॉलरचं. रुपये हे त्याचं त्या त्या दिवसाचं भाषांतर.

आता माल न्हावा शेव्याला लागतो आणि 6 मार्चला बिल ऑफ एंट्री भरलं जातं. इथे दुसरा दर येतो. सीमाशुल्क आकारण्यासाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ स्वतःचे दर जाहीर करतं, सर्वसाधारणपणे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी. आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा. आयातीचा दर बाजारभावापेक्षा थोडा चढा असतो. तो 87.20 होता असं धरू. मग सीमाशुल्क खात्याच्या दृष्टीनं मालाची किंमत 17,44,000 रुपये. त्यावर 7.5 टक्के मूळ सीमाशुल्क धरलं तर 1,30,800, त्याच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार 13,080, आणि या सगळ्याच्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी 3,39,818.

यातला आयजीएसटी परत मिळणारा कर आहे, तो इनपुट टॅक्स क्रेडिटच्या खात्यात जातो. मूळ शुल्क आणि अधिभार परत मिळत नाहीत, ते मालाच्या किमतीत मिळवायचे. म्हणजे मालाची वहीतली किंमत 17,20,000 अधिक 1,43,880, एकूण 18,63,880. शिवाय क्लिअरिंग एजंटचा खर्च आणि न्हावा शेव्याहून इचलकरंजीपर्यंतचं ट्रकभाडं.

मग 17,44,000 आणि 17,20,000 मधल्या 24,000 चं काय करायचं? काहीच नाही. ही रक्कम पुरवठादाराला द्यायची नाही, सरकारला द्यायची नाही, कुणीच कुणाला देणार नाही. शुल्क मोजण्यासाठी सरकारनं हातात घेतलेली ती मोजपट्टी आहे, शुल्काचा आकडा निघाला की तिचं काम संपलं. पण जीएसटीची जुळवाजुळव करताना हाच आकडा हमखास अंगावर येतो. जीएसटीआर-2बी मध्ये आयातीचं मूल्य सीमाशुल्काकडून आलेलं असतं आणि वहीतल्या खरेदीशी ते जुळत नाही. मग कुणीतरी 24,000 ची नोंद ठोकून 'जुळवून' टाकतं, किंवा त्याहून सोपं म्हणून खरेदीच 17,44,000 ला लिहितं. कराची रक्कम जुळली पाहिजे, मूल्य नाही, एवढं लक्षात ठेवलं तर हा मोह टळतो.

खरेदी 17,44,000 ला लिहिल्यानं नेमकं काय बिघडतं ते पुढे दिसेल. आधी 31 मार्च येऊ द्या.

वर्षअखेरीला देणं अजून बाकी आहे, 20,000 डॉलर. ताळेबंदात ते त्या दिवसाच्या दरानं दाखवायचं. हा दर 85.40 धरला तर देणं 17,08,000 होतं. फेब्रुवारीत 17,20,000 लिहिलं होतं, म्हणजे 12,000 नी कमी.

पुरवठादार नावे 12,000
विनिमय फरक (नफा) जमा 12,000

व्यापारी इथे हटकून विचारतो, "पैसे अजून दिलेले नाहीत, मग नफा कसला?" प्रश्न रास्त आहे. पण देणं डॉलरचं असल्यामुळे त्या रात्री ते फेडायला इतकेच रुपये लागले असते, आणि ताळेबंद त्या रात्रीचं चित्र आहे. नफ्याच्या जागी तोटा आला असता तरी हीच नोंद झाली असती. खेळत्या मालाच्या देण्यावरचा असा वर्षअखेरचा तोटा प्राप्तिकरात खर्च म्हणून मिळतो की तो 'कागदी' समजून नाकारायचा, यावर बरीच वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये वुडवर्ड गव्हर्नर कंपनीच्या प्रकरणात तो मान्य केला. पुढे 2018 च्या वित्त कायद्यानं यासाठी स्वतंत्र कलमच आणलं, आणि त्यामुळे जसा तोटा मिळतो तसा नफ्यावर करही लागतो. आपल्या व्यापाऱ्याला 12,000 वर कर भरावा लागेल, पैसे दिले नसले तरी.

गोदामातल्या मालाला मात्र हात लावायचा नाही. तो 14 फेब्रुवारीच्या दरानं वहीत आला, तिथेच राहील. दर बदलला म्हणून बॉबिनची किंवा गिअरची किंमत वर-खाली होत नाही. बदलतं ते फक्त देणं. पैशांत घ्यायच्या-द्यायच्या रकमा दरवेळी नव्या दरानं मोजायच्या, वस्तू नाही. या प्रकरणाचा कणा एवढाच आहे.

आता 15 मे उजाडतो, 90 दिवस भरले. बँक 88.10 दरानं डॉलर विकते. हा तिसरा दर. 20,000 डॉलरला 17,62,000 रुपये.

पुरवठादार नावे 17,08,000
विनिमय फरक (तोटा) नावे 54,000
बँक जमा 17,62,000

एकूण व्यवहारात फरक पडला 42,000 चा : 86.00 ला घेतलेलं देणं 88.10 ला फिटलं. त्यातला 12,000 नफा गेल्या वर्षी पडला, 54,000 तोटा या वर्षी. मालकाला वाटतं, हा 54,000 मालाच्या किमतीत चढवावा, कारण माल आपल्याला तेवढा महाग पडला. विकताना भाव ठरवायला हा विचार अगदी बरोबर आहे. दर चढला तर विक्रीचा भाव चढवायलाच हवा. पण वहीत नाही. माल फेब्रुवारीत कितीला पडला ही एक गोष्ट, आणि 90 दिवसांची उधारी कितीला पडली ही दुसरी. पैसे 31 मार्चलाच दिले असते तर हा तोटा झाला नसता, मालात काहीही फरक न पडता.

खरेदी 17,44,000 ला लिहिणाऱ्याकडे परत येऊ. त्याच्या वहीत 31 मार्चला 12,000 ऐवजी 36,000 नफा दिसेल, कारण त्याचं देणं 17,44,000 वरून 17,08,000 वर आलं. मालाची किंमतही त्यानं 24,000 नी फुगवली आहे. त्या दिवशी निम्मा माल शिल्लक असेल तर साठ्यात 12,000 फुगीर राहिले आणि तेवढाच नफा जास्त दिसला. त्यावर करही भरला. पुढच्या वर्षी माल विकला की तो आपोआप उलटतो, म्हणून ही चूक कुणाला टोचत नाही. बारा महिने साठा असणाऱ्या, दर तिमाहीला कंटेनर आणणाऱ्या पेढीत मात्र ती दरवर्षी नव्यानं होत राहते.

बँकेच्या नोंदीजवळ जरा थांबलं पाहिजे, कारण अर्ध्या चुका तिथे होतात. खात्यातून 17,62,000 जात नाहीत. बँकेचं कमिशन 1,000 धरू, त्यावर 180 जीएसटी. शिवाय रुपयाचे डॉलर करून दिले या सेवेवर वेगळा जीएसटी असतो, आणि त्याची आकारणी वेगळ्याच रीतीनं होते. 10 लाखांवरच्या रकमेसाठी सेवेचं मूल्य 5,500 अधिक 10 लाखांवरच्या रकमेच्या 0.1 टक्का असं धरतात. 17,62,000 साठी ते 6,262 येतं आणि त्याच्या 18 टक्के म्हणजे 1,127 रुपये. सगळं मिळून खात्यातून 17,64,307 वजा होतात. घाईत काम करणारा हा आकडा 20,000 नं भागतो, 88.22 असा दर काढतो आणि सगळं विनिमय फरकात टाकून मोकळा होतो. हिशेब जुळतो, पण 1,307 रुपयांचं इनपुट क्रेडिट गेलं आणि कमिशन चुकीच्या खात्यात बसलं. बँकेकडून व्यवहाराचं सल्लापत्रक मागून घ्यावं, त्यावर दर आणि आकार वेगवेगळे दिलेले असतात.

नोंदी बरोबर झाल्या का, हे ओळखायला एकच तपासणी पुरते. पैसे दिल्यावर पुरवठादाराचं खातं उघडा आणि डॉलर व रुपये या दोन्ही रकान्यांतली शिल्लक बघा. डॉलर शून्य आणि रुपये शिल्लक, तर विनिमय फरकाची नोंद राहिली आहे. रुपये शून्य आणि डॉलर शिल्लक, तर कुणीतरी रुपयांवरून डॉलर जुळवले आहेत, किंवा पुरवठादाराला खरंच कमी पोचले आहेत. हे दुसरं बऱ्याचदा घडतं : मधल्या परदेशी बँकेचा आकार कुणी सोसायचा हे अर्जावर ठरवून दिलेलं नसतं, आणि पुरवठादाराच्या हातात 20,000 ऐवजी 19,975 पडतात. तो पुढच्या बिलात 25 डॉलर मागतो. हे 25 डॉलर विनिमय फरक नव्हे, बँकखर्च आहे. शिवाय बँक बिल ऑफ एंट्रीतले डॉलर आणि पाठवलेले डॉलर एकमेकांशी ताडून पाहते, तेव्हा तिथेही रुपये कामाला येत नाहीत.

टॅलीवर काम करणाऱ्यांसाठी थोडं. पुरवठादाराचं लेजर डॉलरमध्ये उघडलं, बिल चढवताना `New Ref` आणि पैसे देताना त्याच बिलासमोर `Agst Ref` दिलं, तर फरक प्रोग्रॅम स्वतः काढतो आणि ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` अशी ओळ दिसू लागते. ती ओळ म्हणजे तयार नोंद नाही, राहिलेलं काम आहे. जर्नल व्हाउचरसाठी एक क्लास तयार करून त्यात `Use Class for Forex Gain/Loss Adjustments` ला होकार द्यायचा आणि त्या क्लासनं फरक 'विनिमय फरक' खात्यावर काढायचा, मग ओळ नाहीशी होते. वर्ष बंद करताना ताळेबंदात ही ओळ राहिली असेल तर फरक नफा-तोट्यात पोचलेलाच नाही, हे पान न उलटता कळतं.

एका बाबतीत टॅलीवर सगळं सोपवू नका. पुरवठादार बऱ्याचदा 30 टक्के आगाऊ मागतो. आपल्या व्यापाऱ्यानं जानेवारीत 6,000 डॉलर 85.50 दरानं आधीच पाठवले असते, तर तेवढ्या मालाची किंमत 5,13,000 वर गोठली असती आणि उरलेले 14,000 डॉलर 86.00 नं 12,04,000. खरेदी 17,17,000 ची, दोन दरांची मिळून. दिलेली आगाऊ रक्कम पैशांत परत यायची नसते, त्या बदल्यात माल यायचा असतो. म्हणून वर्षअखेरीला तिला नवा दर लावायचा नाही. माल न आलेली आगाऊ रक्कम 31 मार्चला डॉलर खात्यात उभी असेल, तर टॅली तिलाही सरसकट नवा दर लावून मोकळी होते. तो फरक हातानं वगळावा लागतो.

हे सगळं विकायच्या मालाबद्दल झालं. त्याच व्यापाऱ्याच्या भावानं परदेशातून अख्खा एअरजेट माग आणला असेल तर वहीतली रीत साधारण तशीच राहते, फरक नफा-तोट्यात. काही कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या देण्यांपुरता तो यंत्राच्या किमतीत घालायचा पर्याय मिळालेला आहे, तो वेगळा. प्राप्तिकराची वाट मात्र इथे वेगळी होते. सरकारनं 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर 4.76 रुपयांवरून एका रात्रीत 7.50 ला गेला आणि उधारीवर परदेशी यंत्रं आणलेल्या कारखानदारांचं देणं निम्म्याहून जास्त वाढलं. ते वाढलेलं देणं खर्च समजायचं की यंत्राची किंमत, यातून पुढच्याच वर्षी प्राप्तिकर कायद्यात कलम 43अ आलं : बाहेरदेशातून आणलेल्या यंत्राच्या देण्यावरचा फरक, आताच्या नियमानुसार पैसे प्रत्यक्ष देताना, यंत्राच्या किमतीत मिळवायचा किंवा वजा करायचा आणि त्यावर घसारा घ्यायचा. म्हणून मागाच्या देण्यावर 31 मार्चला वहीत तोटा पडला तरी प्राप्तिकराच्या गणनेत तो काढून टाकावा लागतो, आणि घसाऱ्याचे दोन तक्ते ठेवावे लागतात, एक वहीचा आणि एक कराचा. देणं फिटल्यावरही दोन्ही तक्त्यांत त्या मागाची किंमत सारखी दिसत असेल, तर त्यांतला एक तक्ता चुकला आहे.

दर आधीच बांधून घेण्याचा वायदा करार बँकेशी केला असेल, तर 15 मेची नोंद बदलते. ते पुढच्या भागात.